वेलदोड्याला लसणाचा वास येतो तेव्हा

मावशी, नमस्कार. सासूबाईंचा दगडी खलबत्ता माझ्याकडे आला आहे. काळा दगड, त्यात बारीक पांढरे ठिपके. त्या त्यात जवसाची, कारळ्याची आणि खोबरं-लसणाची चटणी कुटायच्या. त्या गेल्यावर चार वर्षं तो माळ्यावर पडून होता. पाडव्याला श्रीखंडासाठी त्यात वेलदोडे नि जायफळ कुटलं, तर अख्ख्या श्रीखंडाला लसूण आणि खवट तेलाचा वास. आतून हात फिरवला की चिकट लागतं. भांड्याच्या साबणाने तीनदा घासला, लिंबू चोळलं, दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवला. आता लसणात साबणाचा वासही मिसळला आहे. टाकवत नाही. काय करू?
— एक सूनबाई, सुदामा नगर, इंदूर

सूनबाई,

टाकू नकोस, तो नीट होईल. पण आधी गच्चीवरून खाली आण. उन्हानेच तुझं काम वाढवलंय.

मुलं क्रिकेटच्या नव्या बॅटला तेल चोळतात ना, ते जवसाचं तेल. सुतारही लाकडाला तेच लावतात. का, तर ते वाळतं. इथे वाळणं म्हणजे पाण्यासारखं उडून जाणं नव्हे. ते हवेतला ऑक्सिजन घेतं, घट्ट होतं, आधी चिकट आणि मग कडक पापुद्रा बनतं. ऊन आणि उष्णता मिळाली की हे आणखी लवकर होतं. कारळ्याचं तेलही याच वळणाचं, फक्त जरा सावकाश. खोबऱ्याचं तेल मात्र वर्षानुवर्षं तेलच राहतं. ते वाळत नाही, खवट होतं.

म्हणजे तुझ्या खलात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर जवस-कारळ्याच्या तेलाचं एक प्रकारचं वॉर्निश, हाताला चिकट लागतं ते. त्याच्याखाली, दगडाच्या बारीक छिद्रांत मुरलेलं आणि अजून पातळ असलेलं खवट तेल. लसणाचा वास राहतो तो या खालच्या तेलात. लसूण काय, हिंग काय, लवंग काय, यांची वासाची द्रव्यं पाण्यापेक्षा तेलात जास्त सुखाने राहतात. दगडाला स्वतःचा वास नसतो. तेल गेलं की लसूण त्याच्याबरोबर जातो, आणि तेल जागेवर असेल तर वर काहीही चोळलं तरी फरक पडत नाही. लिंबू, कॉफी पावडर, कापूर, सगळे उपाय ऐकून झाले आहेत माझे. ते वासावर वास चढवतात.

साबणाचंही तेच झालं. भांड्याचा साबण ताजं तेल छान काढतो, वाळलेल्या पापुद्र्याला तो काही करू शकत नाही. उलट साबणातलं लिंबाचं किंवा गुलाबाचं अत्तर हेही तेलाच्याच जातीचं, म्हणून खालच्या तेलाने ते आनंदाने घरात घेतलं.

आता लिंबाबद्दल. तुझा दगड मला आपल्या माळव्याचा काळा दगड वाटतो, बेसाल्ट. आपलं पठारच त्याचं आहे. लाव्हा थंड होताना त्यात बुडबुडे राहिले आणि पुढे त्या पोकळ्यांत पांढरी खनिजं भरली, तेच तुझे पांढरे ठिपके. काळ्या दगडाचं लिंबाने फारसं बिघडत नाही, पण ठिपक्यांतले काही चुन्याच्या जातीचे असू शकतात आणि त्यांना आंबट लागलं की ते विरघळतात. मग ठिपक्याच्या जागी खळगा पडतो आणि पुढच्या चटणीचं तेल त्यात जाऊन बसतं. बघायचं असेल तर खल उपडा कर आणि बुडाशी एका पांढऱ्या ठिपक्यावर व्हिनेगरचा एक थेंब टाक. भिंगातून बघ. बारीक फेस उठला तर चुना आहे, आणि लिंबू कायमचं बंद. फेस नाही आला तरी लिंबाचा उपयोग काही नाही, कारण आंबटाने तेल निघत नाही.

हाच थेंब टाकून पांढरा सगळा दगडच फसफसला तर तो संगमरवर. राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात तसले सुबक पांढरे खल खूप दिसतात. वाचकांपैकी कोणाकडे तसला असेल तर पुढची सगळी कृती त्यालाही चालेल, फक्त आंबट कधीही लावायचं नाही. आणि नखाने ओरखडा उठत असेल तर तो संगजिऱ्यासारखा मऊ दगड, त्याला मीठ-ब्रश जोरात लावू नये.

तुझ्या कामाचा क्रम असा: आधी वॉर्निश मऊ करून सोडवायचं, मग छिद्रांतलं तेल बाहेर ओढायचं, आणि ऊन अगदी शेवटी. क्रम उलटा केला की तुझ्यासारखं होतं.

वॉर्निशसाठी धुण्याचा सोडा आण. खाण्याचा नव्हे. दोन्ही पांढरे, दोन्ही सोडे, पण धुण्याचा सोडा बराच तिखट असतो आणि इथे तो तिखटपणाच हवा आहे. जुन्या दारांचा तेलाचा रंग उतरवायला लोक गरम सोड्याचं पाणी वापरत आले आहेत, आणि तुझ्या खलात जे बसलंय ते त्या रंगाचंच भावंड. शिवाय खवट झालेल्या तेलात काही आम्लं सुटलेली असतात. त्यांना सोडा भेटला की तिथल्या तिथे साबण तयार होतो. तुझ्याच खलातल्या तेलाचा साबण, बिनवासाचा. आपल्या आज्या चुलीतली लाकडाची राख वापरायच्या त्याचं कारण हेच, राखेतही क्षार असतो. आता चुली नाहीत आणि दगडी कोळशाची राख यासाठी चालत नाही, म्हणून सोडा. सियागंजात किंवा कोणत्याही जुन्या किराणा दुकानात सुटा मिळतो.

खल आधी कोमट पाण्याने भर आणि दहा मिनिटं तसाच ठेव. हे दहा मिनिटं चुकवू नकोस. मी एकदा डिसेंबरातल्या सकाळी गार पडलेल्या खलात उकळतं पाणी ओतलं होतं. ‘टक्’ असा बारीक आवाज आला, वरून काही दिसेना, आणि दोन दिवसांनी काठापासून तळापर्यंत केसासारखी रेघ. दगडाचा आतला थर तापून फुगतो आणि बाहेरचा गारच राहतो, मग तो फाटतो. याच कारणाने खल गॅसवर किंवा ओव्हनमध्ये ठेवायचा नाही, कोणी कितीही सांगो.

कोमट पाणी ओतून टाकलं की स्टीलच्या पातेल्यात अर्धा लिटर चांगलं गरम पाणी घे. बोट घातलं तर चटका बसेल इतकं, पण खळखळ उकळतं नको. त्यात एक मोठा चमचा सोडा विरघळव. पातेलं ॲल्युमिनियमचं नको, सोडा ॲल्युमिनियमला खातो आणि ते काळं पडतं. हातात रबरी मोजे हवेत, हे पाणी कातडी सुकवतं, आणि डोळ्यात शिंतोडा उडाला तर लगेच भरपूर पाण्याने धू. हे पाणी खलात काठोकाठ भर, बत्ता डोकं खाली करून त्यातच उभा कर आणि वर ताटली झाक. एक तास.

तासाभराने पाणी चहासारखं दिसेल आणि बोटांत घेतलं तर बुळबुळीत लागेल. तो बुळबुळीतपणा म्हणजे आत बनलेला साबण. तसं झालं नाही, पाणी जसंच्या तसं स्वच्छ राहिलं, तर एक तर सोडा खाण्याचा निघाला किंवा पाणी फार गार होतं. पाणी ओतून टाक, ओल्या खलातच जुन्या टूथब्रशने किंवा काथ्याने घास. स्टीलची तारेची घासणी वापरू नकोस, ती दगडावर लोखंडाच्या रेघा सोडते आणि पुढे त्यांना गंज चढतो. मग पुन्हा कोमट पाणी, पुन्हा सोड्याचं पाणी, पुन्हा तास. तुझ्या खलाला तीन वेळा करावं लागेल असं मी धरून चालते. तिसऱ्या वेळी पाणी जवळपास रंगहीन निघायला हवं, आणि बोट फिरवलं की चिकटपणाच्या जागी दगडाचा खरखरीतपणा लागायला हवा.

कुठेकुठे चकाकणारे डाग राहतील, विशेषतः तळाशी, बत्ता सर्वांत जोरात पडतो तिथे. खल तास-दोन तास निथळू दे आणि मग मूठभर जाडं मीठ टाकून बत्त्याने गोल गोल घास, कुटू नकोस. मीठ तपकिरी होईल. टाकून दे, पाण्याने धुऊन काढ. मीठ खलात ठेवून जायचं नाही, ते विरघळून छिद्रांत शिरतं.

नंतर तांदूळ. हे तुला कोणीही सांगितलं असतं, पण बहुतेक जण सुरुवातच तांदळाने करतात आणि मग ‘दहा वेळा वाटला तरी वास जात नाही’ म्हणतात. वॉर्निश असताना तांदूळ त्याच्यावरून नुसता घसरतो. आता तो दगडाला भिडेल. अर्धी वाटी कणी घे, कोरडी, आणि तिचं पीठ होईपर्यंत वाट. पीठ तेल टिपून घेतं, दाणे कोपरे खरवडतात. पहिलं पीठ करडं-पिवळं आणि जरा गोळा होणारं निघेल. त्याचा वास घेऊन बघ, त्यात लसूण येईल, आणि यावाच. तो दगडातून निघून पिठात आला आहे. टाकून दे. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. पीठ पांढरं आणि सुटं निघालं की थांब.

इतक्यानेही बरेच खल वापरण्याजोगे होतात. चटणीच कुटायची असेल तर इथे थांबलीस तरी चालेल. पण तुला वेलदोडे कुटायचे आहेत आणि श्रीखंडासारखा पदार्थ परका वास लगेच पकडतो, कारण चक्क्यातही स्निग्धांश असतोच. म्हणून छिद्रांतलं उरलेलं तेल ओढून काढावं लागेल. त्याला लेप.

मुलतानी माती. चेहऱ्याला लावतो तीच, पण साधी, सुटी, गुलाब-चंदन नसलेली. या मातीचं तेलाशी जुनं वैर आहे. कापड गिरण्या यायच्या कितीतरी आधीपासून लोकरीतली चरबी काढायला असली माती वापरत. तिचे कण इतके बारीक असतात की दगडाच्या छिद्रांपेक्षा त्यांची ओढ जास्त. ओला लेप दगडाला चिकटतो, त्यातलं सोड्याचं पाणी छिद्रांत शिरतं, तेल सोडवतं, आणि लेप बाहेरून वाळू लागला की ते पाणी तेलाला घेऊन मातीकडे परत येतं. जुन्या संगमरवरी फरश्यांवरचे तेलाचे डाग काढणारे कारागीरही असाच लेप लावतात.

मध्यम खलाला सहा मोठे चमचे माती, एक छोटा चमचा धुण्याचा सोडा आणि गरम पाणी. पाणी थोडं थोडं घाल. लेप तुझ्या त्या श्रीखंडाइतका घट्ट हवा, भिंतीवर थापला तर घसरू नये. आतून सगळीकडे बोटाच्या जाडीएवढा थाप, काठावरून थोडा बाहेर आण. वर प्लॅस्टिकची पिशवी ताणून बांध आणि चोवीस तास हात लावू नकोस. या वेळात पाणी आत जातं. मग पिशवी काढून सावलीत वाळू दे, अजून एक किंवा दोन दिवस, लेपाला भेगा पडून तो दगडापासून सुटेपर्यंत. ओढण्याचं काम या दुसऱ्या भागात होतं. घाईने ओला लेपच खरवडलास तर सगळी मेहनत पाण्यात, तेल अर्ध्या वाटेवरून परत फिरेल.

सुटलेल्या लेपाची दगडाकडची बाजू बघ. तेल आलं असेल तर तिथे पिवळसर, ओलसर दिसणारे ठसे असतील आणि वासही येईल. पहिल्या लेपाला हे नक्की दिसेल. मग दुसरा लेप. ठसे फिके झाले की तू योग्य वाटेवर आहेस. तिसऱ्याला माती कोरी निघाली की पुरे. एकही ठसा न येता वास मात्र तसाच असेल, तर वास दुसरीकडून येतोय.

त्या ‘दुसरीकडून’वरून आमच्या घरचं सांगते. माझी आत्या रामबागेत राहायची आणि तिचं जिरावन आमच्या अख्ख्या नात्यात प्रसिद्ध होतं. पोह्यांवर भुरभुरायला ती वर्षाचं एकदम करायची, हिंग, लवंग, काळं मीठ, सुंठ, सगळं त्याच खलात. तिच्यानंतर तो खल माझ्याकडे आला. मी कॉलेजच्या रसायनाच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून नोकरी केलेली, चिनी मातीचे खल घासण्यात हयात गेली, त्यामुळे म्हटलं हा काय मोठा विषय. सोडा तीनदा केला, पहिलं पाणी काळ्या चहासारखं आणि तिसरं फिकट पिवळं. तांदूळ चारदा वाटला. दोन लेप, पहिल्यावर रुपयाएवढे पिवळे ठसे, दुसऱ्यावर जवळपास काही नाही. खल सुकवला, नाक लावलं, काही वास नाही. खूश होऊन वेलदोडे कुटले, आणि बासुंदीला हिंग!

दुसरे दिवशी मी बत्त्याचं डोकं हुंगलं. सगळा हिंग तिथे बसला होता. खलाला मी लेप दिले आणि बत्ता नुसता सोड्याच्या पाण्यात उभा करून पुसून ठेवला. बत्त्याचं टोक हजार वेळा आपटून खडबडीत झालेलं असतं, त्यात बारीक चिरा असतात, आणि कुटताना सगळा जोर तिथेच येतो, म्हणजे तेलही तिथेच सर्वांत खोल शिरतं. त्या टोकाला मातीचा गोळा लावून, कापडाच्या तुकड्यात बांधून, दोन वेळा लेप दिला तेव्हा हिंग गेला. म्हणून तुला आत्ताच सांगते, प्रत्येक पायरीला बत्ता बरोबर घे. मूठसुद्धा. मुठीवर हाताचं तेल नि घाम असतो, तोही खवटतो.

लेप झाले की खलात दोनदा कोमट पाणी भरून, दहा-दहा मिनिटं ठेवून ओत. बुळबुळीतपणा पूर्ण जायला हवा, नाहीतर सोडा आत राहतो आणि दगड सुकल्यावर पांढरी भुकटी वर येते. तशी आली तर घाबरू नकोस, पुन्हा पाणी भरून ओत. आता पंख्याखाली तीन-चार दिवस ठेव, आणि त्यानंतर खुशाल गच्चीवर. आता ऊन चांगलं. वाळून वॉर्निश बनायला तेल उरलेलं नाही, आणि आतली ओल निघून जाईल. जड खल वरून कोरडा दिसला तरी आतून ओला असतो. तसाच कपाटात बंद केलास तर लसणाऐवजी कुबट वास येईल आणि तू मला दुसरं पत्र लिहिशील.

उन्हातून आणलेला खल कोमट असतानाच परीक्षा घे, कारण गरम दगड वास सोडतो, गार दगड लपवतो. आतल्या तळाशी पाण्याचा एक थेंब टाक. तेलकट दगडावर थेंब मोत्यासारखा उभा राहतो. स्वच्छ काळ्या दगडावर तो पसरतो आणि तिथे गडद डाग पडतो. तीन-चार ठिकाणी कर, कारण एखादाच कोपरा तेल धरून असू शकतो, आणि मग लेप तेवढ्याच जागेला दिला तरी पुरतो. हा थेंब आतल्या खडबडीत भागावरच टाकायचा. बाहेरून पॉलिश केलेल्या दगडावर तो तसाही उभा राहतो.

मग नाकाची परीक्षा. चमचाभर तांदूळ वाटून पीठ खलातच राहू दे, ताटली झाक, रात्रभर ठेव. सकाळी चहाच्या आधी, नाक ताजं असताना, ताटली उचलून हुंग. तुला आता इतके दिवस त्या वासाची सवय झाली असेल, तेव्हा घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी, काय आहे ते न सांगता, हुंगायला दे. आमच्याकडे हे काम माझ्या नातवाचं. त्याला ‘काही नाही’ म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं तेव्हा बासुंदी केली.

सगळं करूनही नाही गेलं तर? दोन शक्यता. पहिली, खलाला चीर आहे. खल पूर्ण ओला कर, कापडाने पूस आणि लगेच बघ. चीर असेल तर बाकी दगड सुकतो आणि तिथे गडद रेघ राहते. बोटाच्या पेराने काठावर टकटक कर, अखंड खल खणखणतो, चिरलेला ‘थप’ असा बोलतो. चिरेतलं तेल कोणत्याही लेपाने पूर्ण निघत नाही. तसला खल चटणीलाच ठेव, किंवा कुटताना दगडाचा कण पडत असेल तर त्यात तुळस लाव. चीर कशाने तरी चिकटवून पुन्हा खाण्याचं कुटू नये.

दुसरी शक्यता, तेल फार खोल गेलं आहे. अशा वेळी टाकी लावून घ्यायची. पूर्वी आपल्या गल्ल्यांतून ‘सिल टँकवा लो’ अशी हाळी देत कारागीर फिरायचे, छिन्नी-हातोडीने पाट्याला बारीक बारीक टाके मारून द्यायचे. आता ते क्वचित दिसतात, पण दगडाचं काम करणाऱ्या पाथरवटाकडे विचारलं तर कोणीतरी करून देतं. टाकीने वरचा तेलाळलेला थरच निघून जातो आणि खाली नवा, भुकेला दगड येतो. हे पसरट खलाला जमतं. तुझा खोल नि निमुळता असेल तर आत छिन्नी फिरत नाही, मग हट्ट धरू नकोस. आणि टाकी लावल्यावर खलातून दगडाची कच निघते, तेव्हा पुन्हा तांदूळ, कोरडा नि मग ओला, पीठ पूर्ण पांढरं आणि दाताखाली कच न लागणारं निघेपर्यंत. ते पीठ कोणाला खायला घालू नकोस, गाईलाही नाही.

खल स्वच्छ झाला की त्यात चटणी करायची की नाही, हे मी सांगणार नाही. सासूबाईंची कारळ्याची चटणी मिक्सरमध्ये होत नाही हे मलाही माहीत आहे. पण केलीस तर त्याच दिवशी, तेल ताजं असताना, मूठभर कणी वाट आणि मग कोमट पाण्याने ब्रश फिरव. ताजं जवसाचं तेल अर्ध्या मिनिटात निघतं. चार दिवसांनी तेच तुला सोड्यापर्यंत नेतं. साबण खलाजवळ आणूच नकोस.

आणि वेलदोडे कुटताना आधी चमचाभर साखर टाक. साखरेचे दाणे सालांना धरतात, पूड बारीक होते, आणि वेलदोड्याचं तेल दगडात मुरायच्या आधी साखर टिपून घेते. श्रीखंडात साखर तर घालायचीच असते.